पासवर्ड सहकाऱ्याला दिला म्हणून लॉगिन बंद केलं: कर्मचाऱ्याला ईमेल कसा लिहावा

पासिंग ऑफिसर दुपारी अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेले, काउंटरवर सोनेतारणाचं गिऱ्हाईक बसलंय, व्हाउचर पास झाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत. मग कॅशियर फोन लावतो आणि पलीकडून पासवर्ड सांगितला जातो. सांगली जिल्ह्यातल्या पतसंस्थांच्या छोट्या शाखांत काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. दोघंही प्रामाणिक असतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसला ते लॉगिन बंद करावं लागतं. त्यानंतर जो ईमेल जातो तो बहुतेक वेळा दोनच ओळींचा असतो: ‘पासवर्ड शेअर केल्याने आपला ॲक्सेस निलंबित करण्यात येत आहे. खुलासा करावा.’ एवढ्यावर समोरचा माणूस घाबरतो, चिडतो किंवा युनियनच्या माणसाला फोन लावतो; हवी असलेली माहिती मात्र मिळत नाही.

हा ईमेल नीट कसा लिहायचा, ते एका उदाहरणावरून पाहू. असं धरा की संस्थेचं हेड ऑफिस सांगलीत आहे आणि शाखा विट्याला. मंगळवारी दुपारी १.१५ ला शाखेच्या पासिंग ऑफिसर मॅडम रजेवर गेल्या. ३.४२ ला त्यांच्या आयडीने कॅश काउंटरवरच्या संगणकावरून लॉगिन झालं आणि ४.१० पर्यंत तीन व्हाउचर पास झाली: एक सोनेतारण कर्जाचं आणि दोन रोख काढण्याची. तिन्हींची एंट्री कॅशियरच्या आयडीने झालेली. बुधवारी सकाळी हेड ऑफिसच्या संगणक विभागात आदल्या दिवसाची लॉगिनची यादी बघताना हे लक्षात आलं.

ईमेलच्या आधी काय करायचं

लॉगिन बंद करण्याआधी पासिंगची पर्यायी सोय करा. हे उलट क्रमाने झालं तर विट्याची शाखा अकरा वाजता ठप्प होते आणि साडेअकराला कुणीतरी शाखाधिकाऱ्यांचा पासवर्ड मागतं. म्हणजे ज्या कारणासाठी एक लॉगिन बंद केलं, तेच दुसऱ्या लॉगिनवर सुरू होतं. सोय साधी असते. त्या शाखेचे पासिंगचे अधिकार हेड ऑफिसमधल्या एका अधिकाऱ्याच्या आयडीला जोडायचे आणि शाखेने व्हाउचर क्रमांक फोनवर कळवायचा. सोनेतारणाच्या व्हाउचरला मात्र सोनं प्रत्यक्ष बघणारा माणूस शाखेत लागतो. त्यामुळे मूल्यांकनाच्या दाखल्यावर शाखाधिकाऱ्यांची सही झाल्यावरच हेड ऑफिसने पास करावं, असं ठरवून घ्या.

मग संस्थेच्या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरमधला, म्हणजे सीबीएसमधला, आयडी ‘डिसेबल’ करा, ‘डिलीट’ करू नका. जुन्या व्हाउचरांवर पास करणाऱ्याचा जो आयडी उमटलेला असतो, तो डिलीट झाला तर काही सॉफ्टवेअरमध्ये तिथे रिकामी जागा दिसते आणि ऑडिटच्या वेळी नवाच घोळ होतो. डिसेबल केल्यावर सध्या लॉगिन असलेल्या युजरची यादी उघडून पाहा. काही सॉफ्टवेअरमध्ये आयडी बंद केला तरी आधीच उघडलेली स्क्रीन चालूच राहते, ती बंद होईपर्यंत पासिंग करता येतं. ती तिथूनच तोडावी लागते.

त्यानंतर वेळा जुळवा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते आणि वादही हिच्यावरूनच होतात. शाखेतलं हजेरीचं यंत्र आणि सर्व्हर यांची घड्याळं क्वचितच जुळतात. यंत्र पाच-सात मिनिटं पुढे किंवा मागे असणं नेहमीचंच. आपल्या उदाहरणात अडीच तासांचं अंतर आहे, त्यामुळे फरक पडत नाही. पण मॅडम ३.४० ला बाहेर पडल्या असत्या आणि लॉगिन ३.४२ चं असतं, तर सात मिनिटांच्या फरकात सगळा आरोप विरघळला असता. दोन्ही घड्याळं मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा, फरक कागदावर लिहा आणि ईमेलमध्ये सर्व्हरचीच वेळ द्या.

लॉगमध्ये संगणकाचं नाव दिसत असेल तर ते घ्या, नुसता आयपी क्रमांक असेल तर जरा थांबा. अनेक शाखांत राउटर संगणकांना आयपी आपोआप वाटतो. काल कॅश काउंटरला असलेला क्रमांक आज क्लार्कच्या टेबलावर असू शकतो. राउटरमधली वाटपाची नोंद पाहिल्याशिवाय ‘काउंटरवरून’ असं लिहू नये. आणि लॉग कितीही चोख असला तरी तो आयडी, वेळ आणि संगणक एवढंच सांगतो. खुर्चीत कोण बसलं होतं ते त्यात नसतं. ईमेलचा सूर इथेच ठरतो.

त्या दिवसाचे लॉग लगेच वेगळे काढून ठेवा. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे, पण छोट्या सर्व्हरवर जागा संपली की जुने लॉग आपोआप पुसले जातात आणि ते कळतही नाही.

आधी फोन, मग ईमेल

‘तुमचं खातं बंद केलं आहे’ असा ईमेल आजकाल भामटेही पाठवतात. म्हणून पहिल्यांदा फोन करा, तोही मोबाइलवर नाही तर शाखेच्या लँडलाइनवर, आणि मॅडमना एकटीला बोलता येईल अशा वेळी. फोन पाच मिनिटांत संपवा: लॉगिन बंद केलं आहे, कारण हे, लेखी ईमेल येतोय, नोकरीवर आत्ता काही परिणाम नाही. एवढं सांगून एक प्रश्न विचारा: हाच पासवर्ड आणखी कुठे आहे का? उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं. आपल्या मॅडमनीही तेच सांगितलं. संस्थेच्या ईमेलला तोच पासवर्ड होता. म्हणून तो ईमेलही बंद करावा लागला.

आता अडचण अशी की ज्या पत्त्यावर ईमेल पाठवायचा तोच बंद आहे. हे गमतीचं वाटतं, पण ‘ईमेल पाठवला, उत्तरच नाही’ म्हणून नोटीस काढल्याची वेळ येते ती यामुळेच. सेवापुस्तकात नोंदवलेल्या वैयक्तिक पत्त्यावर ईमेल पाठवा आणि छापील प्रत बंद पाकिटातून शाखेत देऊन पोच घ्या. शाखेच्या कॉमन ईमेलवर मात्र काहीही झालं तरी पाठवू नका. त्याचा पासवर्ड शिपायापासून सगळ्यांना माहीत असतो, म्हणजे मॅडमची बाब चहाच्या आधी शाखाभर होते. व्हॉट्सॲप ग्रुपचं तर नावच काढायला नको. प्रत फक्त शाखाधिकारी आणि प्रशासन विभागाला. वैयक्तिक पत्त्यावर ईमेल जाणार असल्यामुळे त्यात सभासदाचं नाव, खाते क्रमांक, रक्कम यातलं काहीही नको. व्हाउचर क्रमांक पुरतो.

मजकूर

विषयाच्या ओळीत फोनवरच्या बोलण्याचा उल्लेख असावा, म्हणजे ईमेल खरा आहे हे उघडण्याआधीच कळतं. आत लिंक टाकू नका, लॉगिन करायला सांगू नका, नवा फोन नंबर देऊ नका. मॅडमकडे हेड ऑफिसचा नंबर आहेच. ‘निलंबन’ हा शब्द लॉगिनसाठी वापरू नका. आपल्याकडे निलंबन माणसाचं होतं, त्याला सेवानियमांचे वेगळे नियम लागतात, आणि उद्या कुणी हाच ईमेल नोकरीतून निलंबनाचा आदेश म्हणून दाखवू शकतं. ‘लॉगिन तात्पुरते बंद’ एवढं पुरे.

आता पूर्ण ईमेल असा:

> विषय: सीबीएस लॉगिन तात्पुरते बंद – आज सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे
>
> मॅडम,
> सप्रेम नमस्कार.
>
> आज, बुधवारी सकाळी १०.२० वाजता आपले फोनवर बोलणे झाले, ते लेखी कळवत आहे. सकाळी ९.५० वाजता आपले सीबीएसचे लॉगिन आणि फोननंतर १०.३५ वाजता संस्थेचा ईमेल तात्पुरता बंद केला आहे. हजेरी, रजा आणि पगार यांत काहीही बदल नाही. आपण नेहमीप्रमाणे शाखेत कामावर आहात. हा नोकरीतून निलंबनाचा आदेश नाही.
>
> कारण असे: काल, मंगळवारी दुपारी १.१५ नंतर आपण रजेवर होतात. त्यानंतर ३.४२ वाजता आपल्या आयडीने कॅश काउंटरच्या संगणकावरून लॉगिन झाले आणि ४.१० पर्यंत तीन व्हाउचर पास झाली (क्रमांक सोबतच्या छापील प्रतीत). या तिन्हींची एंट्री कॅशियरच्या आयडीने झालेली आहे. पासवर्ड आपण फोनवरून कॅशियरना सांगितल्याचे आज आपण कळवलेत. वेळा सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे आहेत.
>
> एंट्री एकाने करायची आणि पास दुसऱ्याने, हा आपल्याकडचा नियम तिजोरीच्या दोन किल्ल्यांसारखा आहे. काल दोन्ही किल्ल्या एकाच हातात गेल्या. व्हाउचरांवर पास करणाऱ्या म्हणून आपली नोंद आहे, पण ती आपण पाहिलेली नाहीत. ही व्हाउचर चुकीची आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे कागद अजून तपासायचे आहेत.
>
> आपल्याकडून उद्या, गुरुवारी दुपारी २ पर्यंत तीन गोष्टी लेखी हव्या आहेत. पासवर्ड केव्हा आणि कुणाकुणाला सांगितला. याआधी कधी सांगण्याची वेळ आली होती का, आली असल्यास कोणत्या अडचणीमुळे. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला आहे का. उत्तरात पासवर्ड लिहू नये. या ईमेलला उत्तर द्यावे किंवा हाताने लिहून, सही करून शाखाधिकाऱ्यांमार्फत पाठवावे.
>
> तोच पासवर्ड आपल्या स्वतःच्या बँकेच्या ॲपला किंवा ईमेलला असेल, तर तो आजच बदलून घ्यावा.
>
> शाखेचे पासिंग आजपासून हेड ऑफिसमधून होईल, त्याची सूचना शाखाधिकाऱ्यांना दिली आहे. आपल्याकडे प्रलंबित असलेली व्हाउचर त्यांच्याकडे कागदांसह द्यावीत. कुणाचेही दुसरे लॉगिन वापरू नये.
>
> आपले लॉगिन पुन्हा सुरू करण्याबाबत शुक्रवारी सायंकाळी ५ पर्यंत कळवू. तपासणी तोवर पूर्ण झाली नाही, तरी ती कुठवर आली हे त्याच वेळी कळवू. सेवानियमांनुसार पुढे काही करायचे झाल्यास वेगळे पत्र दिले जाईल आणि आपले म्हणणे पाहिल्याशिवाय ते ठरणार नाही.
>
> या काळात संस्थेतून कुणीही आपल्याकडे जुना पासवर्ड किंवा ओटीपी मागणार नाही. कुणी मागितल्यास हेड ऑफिसच्या नेहमीच्या नंबरवर कळवावे.
>
> आपला,
> प्रशासन अधिकारी

हे वाचताना ‘तुम्ही व्हाउचर पास केली’ असं कुठेही नाही हे लक्षात घ्या. ‘आपल्या आयडीने लॉगिन झाले’ एवढंच आहे, कारण लॉग तेवढंच सांगतो. पासवर्ड दिल्याची बाब मात्र स्पष्ट लिहिली आहे, कारण ती मॅडमनी स्वतः सांगितली. यंत्राची माहिती आणि माणसाने सांगितलेली माहिती ईमेलमध्ये वेगवेगळ्या वाक्यांत ठेवली, तर पुढे कुणाचंही म्हणणं फिरलं तरी ईमेल खोटा ठरत नाही. फोनवर मॅडमनी काहीच मान्य केलं नसतं, तर ते वाक्य गाळून ‘हे लॉगिन कसे झाले याबद्दल आपल्याला काय माहीत आहे, ते कळवावे’ असं लिहायचं.

‘याआधी कोणत्या अडचणीमुळे’ हा तुकडा मुद्दाम ठेवला आहे. नुसता ‘खुलासा करावा’ म्हटलं की ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही’ असं ठराविक उत्तर येतं. अडचण विचारली की खरं बाहेर पडतं: शाखेत पासिंगचा दुसरा माणूसच नाही, रजेचा अर्ज मंजूर करताना बदली कुणी दिली नाही, किंवा वरच्या साहेबांनीच ‘फोनवर सांगून टाका’ असं सांगितलं. हे शेवटचं उत्तर आलं तर बाब मॅडमपुरती राहत नाही आणि तपासणी त्या साहेबांच्या हाताखालच्या माणसाकडे ठेवता येत नाही.

बऱ्याच जणांना ईमेलमध्ये कायद्याचं कलम घालायचा मोह होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६६-सी दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्याबद्दल आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण ते कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला लागतं. पासवर्ड देणाऱ्या मॅडमना ते दाखवून काय उपयोग? कॅशियरचा हेतू तर अजून तपासायचाय. पहिल्याच ईमेलमध्ये कलम आलं की समोरचा माणूस वकिलाशी बोलल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही, आणि आपल्याला गुरुवारी दुपारी २ पर्यंत उत्तर हवंय. व्हाउचरांत खरोखर काही सापडलं, तर कलमाचा विचार तेव्हा आणि संस्थेच्या वकिलांकडून.

कॅशियरचं काय

कॅशियरला वेगळा ईमेल जातो. एकाच ईमेलमध्ये दोघांना घातलं की पहिली दोन-तीन उत्तरं एकमेकांवर ढकलण्यात जातात. कॅशियरचं लॉगिन बंद करायचं की नाही, हा खरा अवघड निर्णय आहे, कारण त्याच्याविना काउंटर चालत नाही. माझं मत असं की त्याचं लॉगिन चालू ठेवावं, पासवर्ड त्याच दिवशी बदलायला लावावा आणि तीन व्हाउचर तपासून होईपर्यंत दिवसअखेरीची रोख शाखाधिकाऱ्यांनी स्वतः मोजावी. व्हाउचरांत तफावत दिसली, तर मात्र तेच लॉगिन त्याच मिनिटाला बंद. त्याच्या ईमेलमध्ये मॅडम काय म्हणाल्या ते लिहू नये, फक्त ३.४२ ते ४.१० या वेळेत काउंटरच्या संगणकावर काय झालं, ते त्याच्या शब्दांत मागावं.

तपासणीत सोनेतारणाचं व्हाउचर आधी घ्या. सोन्याचं पाकीट, मूल्यांकनाचा दाखला, सभासदाची सही आणि कर्जाची रक्कम ही एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं, आणि पाकीट प्रत्यक्ष तिजोरीत आहे का तेही. रोख काढण्याच्या दोन व्हाउचरांना स्लिपवरची सही नमुना सहीशी ताडायची. सगळं जुळलं तर मूळ पासिंग पुसायचं नाही. प्रत्येक व्हाउचरवर हेड ऑफिसच्या अधिकाऱ्याने ‘नंतर तपासले’ असा शेरा, तारीख आणि सही करायची. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८१ खाली दरवर्षी लेखापरीक्षण होतंच, आणि तिथे ऑडिटर रजेच्या दिवशी पास झालेल्या व्हाउचरबद्दल विचारतील तेव्हा हा शेरा आणि वरचा ईमेल पुढे करता येतो.

पुन्हा सुरू करताना

शुक्रवारी सगळं जुळलेलं आहे असं धरू. संगणक विभागाने तात्पुरता पासवर्ड तयार करायचा, पहिल्या लॉगिनलाच तो बदलावा लागेल अशी खूण करायची आणि तो मॅडमना फोनवर सांगायचा. ईमेलने पाठवू नका. शाखाधिकाऱ्यांकडे निरोप म्हणून तर मुळीच देऊ नका. ‘मॅडमना सांगा’ म्हणत पासवर्ड तिसऱ्याच्या कानावर गेला, तर सगळं पहिल्यापासून. लॉगिनला ओटीपी येत असेल, तर तो कुणाच्या मोबाइलवर येतो ते तपासा. काही शाखांत सोयीसाठी काउंटरवरच्या शाखेच्या मोबाइलचा नंबर नोंदवलेला सापडतो. मग पासवर्ड कितीही वेळा बदला, ओटीपी कॅशियरसमोरच येणार.

सुरू केल्याचा ईमेल चार ओळींचा पुरतो: लॉगिन केव्हा सुरू झालं, तीन व्हाउचर तपासली आणि ती बरोबर निघाली, यापुढे अर्ध्या दिवसाच्या रजेलाही पासिंग हेड ऑफिसकडे कसं वळवायचं, आणि त्यासाठी किती वाजेपर्यंत कळवायचं. ‘व्हाउचर बरोबर निघाली’ हे वाक्य लेखी हवंच. बंद केल्याचा ईमेल सेवापुस्तकात राहिला आणि हा राहिला नाही, तर पाच वर्षांनी बढतीच्या वेळी फाइल उघडणाऱ्याला अर्धीच हकीकत दिसेल. दोन्ही प्रती एकाच टाचणीने लावून ठेवाव्यात.